टेन के ला टेन के: दूध गोठवणारा मणी

दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरचा सेन्सर खराब झाला की बहुतेक वेळा काम सोपं असतं. जुनी प्रोब काढायची, बाजारातून नवी आणायची, दोन तारा जोडायच्या. दुरुस्तीवाला जुन्या सेन्सरच्या पाकिटावर ‘१०के’ वाचतो, दुकानातून ‘१०के’ मागून आणतो, बसवण्याआधी मल्टिमीटर लावून बघतो. खोलीत पंचवीस अंशांच्या आसपास हवा असेल तर मीटर दहा किलोओहमच्या जवळ दाखवतो. सेन्सर ठीक. कूलरच्या पॅनेलवरही खोलीचं तापमान बरोबर उमटतं. सचिवांना तो सांगतो, “साहेब, झालं काम, आता चिंता नको.”

दुसऱ्या दिवशी टाकीच्या तळाच्या थंड पत्र्यावर दुधाचा बर्फ धरलेला असतो. पॅनेलवर चार अंशच आहेत. सचिवांनी खिशातला काचेचा थर्मामीटर दुधात बुडवला तर पारा एक अंशाच्या जवळ. दुरुस्तीवाला पुन्हा येतो, पुन्हा मल्टिमीटर लावतो, पुन्हा दहा किलोओहम. मग दोष कंट्रोलरचा ठरतो, कंट्रोलर बदलला जातो, आणि बर्फ तसाच राहतो.

दोष ना कंट्रोलरचा होता, ना त्या नव्या सेन्सरचा. सेन्सर अगदी चांगला होता, फक्त वेगळ्या जातीचा होता. पाकिटावर १०के च्या पुढे बारीक अक्षरात आणखी एक आकडा असतो, ३९५० किंवा ३४३५ असा. त्याला बीटा म्हणतात. दुकानात तो कोणी विचारत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

प्रोबच्या स्टीलच्या नळीत काय असतं ते आधी बघू. मोहरीपेक्षा थोडा मोठा, बहुधा काळ्या इपॉक्सीत बुडवलेला एक मणी आणि त्यातून निघालेल्या दोन तारा. हाच थर्मिस्टर. मणी धातूचा नसतो. मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडांची भुकटी ठरावीक प्रमाणात मिसळून, दाबून, भट्टीत भाजून तो करतात. म्हणजे जातीने तो सिरॅमिक. तांब्याची तार तापवली की तिचा रोध वाढतो. या मण्याचं उलट आहे. तो तापला की रोध उतरतो, आणि उतरतो तोही झपाट्याने. म्हणून याला निगेटिव्ह टेम्परेचर कोइफिशंटचा, थोडक्यात एनटीसी थर्मिस्टर म्हणतात. ही उलटी वागणूक मायकेल फॅरेडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवली होती. तिचा उपयोग करून विकण्याजोगा सुटा भाग मात्र जवळपास शंभर वर्षांनी, १९३० च्या सुमारास बाजारात आला.

उलटं का होतं, त्याचं कारण साधं आहे. तांब्यात इलेक्ट्रॉन आधीच मोकळे असतात. उष्णतेने अणू जास्त थरथरतात आणि त्यांच्या वाटेत येतात. ऑक्साइडमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच. एका मँगनीज अणूजवळचा इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूकडे उडी मारून जातो तेव्हाच वीज वाहते, आणि प्रत्येक उडीला थोडी ऊर्जा लागते. मध्ये एक उंबरठा आहे म्हणा ना. मणी जितका गरम, तितके जास्त इलेक्ट्रॉन तो उंबरठा ओलांडू शकतात. बीटा हा आकडा म्हणजे त्या उंबरठ्याची उंची, तापमानाच्या एककात, केल्व्हिनमध्ये सांगितलेली. वेगळी ऑक्साइडं, वेगळं प्रमाण, वेगळा बीटा. दोन मण्यांचा पंचवीस अंशांवरचा रोध कारखान्यात मापं जुळवून सारखा करता येतो; म्हणून दोन्ही ‘१०के’. पण तिथून खाली किंवा वर जाताना एक भरभर बदलेल आणि दुसरा जरा सावकाश.

हे सगळं एका ओळीच्या सूत्रात बसतं:

```
R = R25 × e^( B × (1/T − 1/298.15) )
```

R25 म्हणजे पंचवीस अंश सेल्सिअसवरचा रोध, आपल्याकडे दहा किलोओहम. B म्हणजे बीटा. T हे तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअस अधिक २७३.१५. पंचवीस अंशांवर कंसातली वजाबाकी शून्य होते आणि बीटा काहीही असला तरी उत्तर दहाच येतं. खोलीत मीटर लावून बीटाचा पत्ता का लागत नाही, ते या सूत्रातच दिसतं.

आता आपला कूलर घ्या. त्याच्या कंट्रोलरला ३९५० बीटाचा सेन्सर शिकवलेला आहे. चार अंशांवर त्या सेन्सरचा रोध २७.३ किलोओहम असतो, म्हणून कंट्रोलर २७.३ दिसेपर्यंत कॉम्प्रेसर चालू ठेवतो. बाजारातून आलेला सेन्सर ३४३५ बीटाचा आहे. हा आकडाही अगदी सर्रास मिळतो. दूध खरोखर चार अंशांवर आलं तेव्हा या सेन्सरचा रोध फक्त २३.९ किलोओहम भरतो. कंट्रोलर त्याच्या कोष्टकात बघतो आणि म्हणतो, साडेसहा अंश, अजून गरम आहे. कॉम्प्रेसर चालूच. नव्या सेन्सरला २७.३ किलोओहमपर्यंत चढायला तापमान साधारण १.१ अंशापर्यंत उतरावं लागतं. तेव्हा कुठे पॅनेलवर चार अंश येतात आणि मशीन थांबतं. टाकीच्या मध्यावर १.१ अंश असताना थंड पत्र्याला टेकलेलं दूध गोठलं, तर त्यात नवल नाही.

हा दोष पकडायला महागडं यंत्र लागत नाही, बर्फ पुरतो. ग्लासभर बर्फ बारीक ठेचायचा, तो जेमतेम भिजेल इतकंच पाणी घालायचं, आणि प्रोब मध्यभागी धरून पाच मिनिटं ढवळत राहायचं. ढवळणं महत्त्वाचं, कारण तळाशी साठलेलं पाणी शून्यापेक्षा तीन-चार अंश वर असू शकतं. तुकडे तरंगताहेत आणि खाली नुसतं पाणी आहे, असा ग्लास कामाचा नाही. आता मल्टिमीटर लावा. ३९५० बीटाचा मणी ३३.६ किलोओहम दाखवेल, ३४३५ चा २८.७. इतक्या फरकात गफलत व्हायला जागा नाही. पाकीट हरवलं असलं तरी या मापावरून बीटा काढता येतो. शून्य आणि पंचवीस अंशांवरच्या रोधांच्या भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या आणि त्याला ०.०००३०७ ने भागा. २८.७ भागिले १० म्हणजे २.८७, त्याचा लॉग १.०५४, भागून उत्तर आलं ३४३४ च्या जवळपास. मोबाइलमधल्या कॅल्क्युलेटरवर हे होतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. बीटा हा अगदी स्थिर आकडा नाही. त्याच मण्याचा पंचवीस ते पन्नास अंशांमधून काढलेला बीटा आणि पंचवीस ते पंच्याऐंशीमधून काढलेला बीटा थोडे वेगळे निघतात. म्हणून चांगल्या माहितीपत्रकात कोणत्या दोन तापमानांमधला बीटा ते लिहिलेलं असतं. दुधासाठी हा फरक सोडून द्यायला हरकत नाही. समुद्राचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणाऱ्यांना तो सोडता येत नव्हता. स्टाइनहार्ट आणि हार्ट या दोघांनी १९६८ मध्ये तीन गुणांकांचं समीकरण मांडलं ते या गरजेपोटीच, आणि अचूक मापनात आजही तेच वापरतात.

बीटा जुळला, तरी मण्याचा दुसरा स्वभाव उरतोच. त्याची चाल सरळ नाही. शून्यापासून दहा अंशांपर्यंत जाताना ३९५० च्या मण्याचा रोध ३३.६ वरून २०.२ वर येतो, म्हणजे साडेतेरा किलोओहमची उडी. तीस ते चाळीसमध्ये तोच रोध ८ वरून ५.३ वर, पावणेतीन किलोओहमदेखील नाही. तितकेच दहा अंश, पण उडी पाचपट लहान. रोध थेट काट्यावर दाखवला तर थंड बाजूची घरं ऐसपैस आणि गरम बाजूची दाटीवाटीने बसलेली दिसतील.

यावरचा उपाय आठ आण्यांच्या वस्तूत आहे: एक साधा रेझिस्टर. मणी आणि हा रेझिस्टर एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडायचे. मण्याचं मोकळं टोक पाच व्होल्टला, रेझिस्टरचं मोकळं टोक ग्राउंडला, आणि मधल्या जोडावरचा व्होल्टेज मोजायचा. मणी तापला की त्याचा रोध उतरतो, प्रवाह वाढतो आणि जोडावरचा व्होल्टेज चढतो.

यात सरळपणा कुठून येतो? दोन टोकांचा विचार करा. मणी खूप थंड असताना त्याचा रोध रेझिस्टरच्या मानाने प्रचंड असतो. तेव्हा प्रवाह ठरवणारा मणी एकटाच, आणि तापमानाबरोबर प्रवाह दर अंशाला आधीपेक्षा जास्त वाढतो. आलेख वर वळत जातो. मणी खूप गरम असताना त्याचा रोध नगण्य होतो, जवळजवळ सगळे पाच व्होल्ट रेझिस्टरवरच पडतात, आणि आणखी वाढायला जागा उरत नाही. आलेख आडवा होत जातो. आधी वर वळणारा आणि नंतर खाली वळणारा आलेख, तर मध्ये कुठेतरी तो ना वर वळत असतो ना खाली. त्या जागेच्या दोन्ही बाजूंचा बराच पट्टा जवळपास सरळ असतो. तो पट्टा नेमका आपल्या कामाच्या तापमानांवर आणून ठेवायचा, एवढंच रेझिस्टरच्या निवडीत असतं.

निवडीचं सूत्रही लहान आहे. Rm म्हणजे पट्ट्याच्या मधल्या तापमानावरचा मण्याचा रोध, T ते मधलं तापमान केल्व्हिनमध्ये:

```
Rs = Rm × (B − 2T) / (B + 2T)
```

३९५० च्या मण्यासाठी हा गुणाकार नेहमीच्या तापमानांना ०.७५ च्या आसपास राहतो. म्हणून लक्षात ठेवायचं ते इतकंच: मधल्या तापमानावर जो रोध, त्याच्या पाऊणपट रेझिस्टर.

कूलरमध्ये धारेचं दूध पस्तीस अंशांच्या आसपास येतं आणि चारपर्यंत उतरवायचं असतं. पट्टा शून्य ते चाळीस धरू, मध्य वीस. वीस अंशांवर मण्याचा रोध साडेबारा किलोओहम, त्याच्या पाऊणपट म्हणजे नऊ-साडेनऊ. एक टक्का अचूकतेच्या रेझिस्टरांत ९.५३ किलोओहम हे मूल्य मिळतं, ते घेऊ. आता जोडावरचे व्होल्ट बघा: शून्यावर १.१०, दहावर १.६०, वीसवर २.१६, तीसवर २.७१, चाळीसवर ३.२१. दर दहा अंशांना पायऱ्या ५००, ५५५, ५५३ आणि ५०० मिलिव्होल्टच्या. जिथे पाचपट फरक होता तिथे आता जेमतेम दहा टक्के उरला. आणि या पायऱ्या मध्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास आरशातल्यासारख्या जुळतात, हे बघायला मला तरी गंमत वाटते.

शून्य आणि चाळीसच्या बिंदूंतून सरळ रेघ मारून तापमान वाचलं तर शून्य, वीस आणि चाळीसवर ते बरोबर येतं. दहावर अर्धा अंश कमी दिसतं, तीसवर अर्धा अंश जास्त. चूक जात नाही, ती रेघेच्या वरखाली वाटली जाते. साध्या काट्याच्या मीटरला हे पुष्कळ झालं. पण आपल्याला ज्या तापमानाशी खरं देणंघेणं आहे ते चार अंश. तिथे ही रेघ ३.६ दाखवते. म्हणजे पॅनेलवर चार येतील तेव्हा दूध असेल साडेचारच्या जवळ.

मग पट्टाच लहान केला तर? मध्य पाच अंश धरू. तिथे मणी २५.९ किलोओहमचा, पाऊणपट साडेएकोणीस, बाजारात मिळणारा २०. या रेझिस्टरवर शून्य ते दहा अंशांमधली चूक अंशाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येते, म्हणजे मण्याच्या स्वतःच्या अचूकतेपुढे काहीच नाही. पण तीच रेघ पुढे ओढून आत्ताच ओतलेल्या पस्तीस अंशांच्या दुधाचं तापमान वाचलं, तर पॅनेल साडेतीस सांगेल. कॉम्प्रेसर चार अंशांवर नेमका थांबवायचा असेल तर माझी पसंती २० किलोओहमला; ओतताना दूध साडेतीस होतं की पस्तीस, याने मशीनच्या वागण्यात फरक पडत नाही. गारठण्याचा सगळा आलेख नोंदवायचा असेल तर मात्र पहिला रेझिस्टर बरा.

आजच्या कंट्रोलरमध्ये मायक्रोकंट्रोलर असतो, तो सूत्र किंवा कोष्टक वापरून वक्ररेषा सरळ करू शकतो. मग रेझिस्टर कुठलाही चालेल असं वाटतं. चालत नाही. अर्डुइनोसारख्या बोर्डवर पाच व्होल्टचे १०२४ तुकडे होतात, एक तुकडा पाच मिलिव्होल्टपेक्षा किंचित लहान. ९.५३ किलोओहमवर दर अंशाला सरासरी अकराच्या आसपास तुकडे मिळतात, म्हणजे अंशाचा दहावा भाग ओळखता येतो. हाताशी आहे म्हणून एक किलोओहमचा रेझिस्टर लावला तर चार अंशांच्या आसपास दर अंशाला दोन तुकडेही मिळत नाहीत. पॅनेलवरचा आकडा अर्ध्या-अर्ध्या अंशाने उड्या मारत राहतो. जी माहिती मोजतानाच हरवली ती सूत्राने परत येत नाही. एक फायदा मात्र फुकटात मिळतो. मण्याला दिलेले पाच व्होल्ट आणि मोजण्यासाठी संदर्भ म्हणून घेतलेले पाच व्होल्ट एकाच ठिकाणचे असतील, तर पुरवठा ४.८ झाला तरी भागाकार तोच राहतो आणि तापमान ढळत नाही.

आपल्या जोडणीत चार अंशांवर मण्यात साधारण अर्धा मिलिवॉट शक्ती खर्च होते आणि मणी तेवढ्याने स्वतःच तापतो. लहान मण्याला स्थिर हवेत एक अंशाने गरम करायला एक-दोन मिलिवॉट पुरतात, म्हणजे हवेतलं तापमान पाव ते अर्धा अंश जास्त दिसू शकतं. स्टीलच्या खोबणीत थर्मल पेस्ट भरून घट्ट बसवलेल्या प्रोबला ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण उष्णता लगेच दुधात जाते. पेस्ट न घालता सैल सोडलेल्या प्रोबला जाणवते. तिथे वर बाहेरच्या हवेची ऊबही मिसळते, आणि दोन्ही चुका एकाच दिशेच्या: पॅनेल जास्त दाखवतं, मशीन जास्त चालतं.

पाणी शिरलं तरी तसंच. धुण्याच्या पाइपचा फवारा रोज बसून प्रोबच्या तोंडाचं सील उघडतं, ओल मण्याच्या दोन तारांमध्ये पोहोचते आणि मण्याला समांतर अशी गळतीची वाट तयार होते. ती पाचशे किलोओहमची असली, तरी २७.३ चे २५.९ होतात आणि पॅनेल एक अंश वर जातं. मजा म्हणजे प्रोब काढून उन्हात ठेवली की ओल सुकते आणि मीटरवर सगळं पुन्हा बरोबर येतं. सेन्सर चांगला म्हणून तोच परत बसवला जातो, आणि आठवड्याने तक्रारही परत येते. अशा वेळी बर्फाच्या ग्लासात प्रोब तारेच्या सांध्यापर्यंत बुडवून अर्धा तास ठेवावी, वितळेल तसा बर्फ भरत राहावा. रोध हळूहळू उतरत राहिला, तर सील गेलं आहे.

तारेच्या लांबीची काळजी इथे कमी. चार अंशांवर मण्याचा रोध दर अंशाला जवळपास चौदाशे ओहमने बदलतो, तेव्हा वीस मीटर केबलचे दोन-चार ओहम त्यात कुठे दिसणार? प्लॅटिनमच्या पीटी१०० ला अंशाला ०.३९ ओहमच मिळतात. म्हणून त्याला तीन-चार तारांची जोडणी लागते. आपल्या मण्याला दोन पुरतात.

तार तुटली मात्र, तर काय होतं ते कूलर घेतानाच विचारून ठेवावं. तुटलेली तार म्हणजे अमर्याद रोध, आणि या मण्याच्या भाषेत अमर्याद रोध म्हणजे कडाक्याची थंडी. साधा कंट्रोलर समजतो की दूध गोठतंय आणि कॉम्प्रेसर बंद ठेवतो. सकाळी टाकी उघडली की आंबूस वास येतो. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर उलट. कंट्रोलरला टाकीत उकळतं दूध दिसतं आणि मशीन थांबतच नाही. बऱ्या कंट्रोलरमध्ये रोध एका मर्यादेच्या वर किंवा खाली गेला की आकड्याऐवजी एरर उमटतो आणि भोंगा वाजतो. आपल्या पॅनेलमध्ये ही सोय आहे का, ते तपासायला अर्धं मिनिट लागतं: टाकी रिकामी असताना सेन्सरची एक तार सोडवायची आणि पॅनेल काय म्हणतं ते बघायचं. एररऐवजी उणे चाळीस-पन्नास असा आकडा दिसला, तर कंट्रोलर बदलण्याचा खर्च याच महिन्याच्या हिशोबात धरावा.